बेरजेचा तळ कुठे?

कोणतीही धन संख्या घ्या आणि तिच्यात तिचाच गुणाकार व्यस्त मिळवा. दहा घेतले तर १० आणि ०.१ मिळून १०.१ होतात. पाच घेतले तर ५.२, दोन घेतले तर २.५ आणि एक घेतला तर नेमके २. आता एकाच्या खाली उतरू. अर्धा घेतला तर त्याचा व्यस्त दोन, म्हणजे बेरीज पुन्हा २.५. एक पंचमांश घेतला तर पुन्हा ५.२. संख्या लहान करत गेलो की तिचा व्यस्त फुगतो, आणि संख्या मोठी केली की ती स्वतःच फुगते. मध्ये कुठेतरी बेरीज सगळ्यांत कमी असणार. आपल्या आकडेमोडीत ही जागा एकावर दिसते आणि बेरीज दोनच्या खाली जात नाही असे वाटते.

पण हे फक्त वाटणे झाले. आपण सहा संख्या तपासल्या आणि धन संख्या तर अगणित आहेत. ०.९७ घेतले तर? बेरीज २.०००९ च्या आसपास येते, म्हणजे दोनपेक्षा किंचित जास्त. १.००३ घेतले तर? असे कितीही प्रयोग केले तरी न तपासलेल्या संख्या उरतातच. म्हणून गणिताला सिद्धता लागते, आणि या प्रश्नाला ती दोन वेगळ्या दिशांनी मिळते. एक मार्ग शाळेतल्या बीजगणिताचा आहे आणि दुसरा कॉलेजात भेटणाऱ्या अवकलजाचा. दोघांचे उत्तर एकच असते, पण उत्तरापर्यंत पोहोचताना दोघे वेगवेगळ्या गोष्टी सांगतात आणि दोघांच्या चुकायच्या जागाही वेगळ्या आहेत.

बीजगणित: आधी तळ, मग जागा

बीजगणिताची सिद्धता तीन ओळींची आहे. कोणत्याही वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसतो, म्हणून

(x − 1)² ≥ 0

विस्तार करून −2x उजवीकडे नेले की

x² + 1 ≥ 2x

आणि दोन्ही बाजूंना x ने भागले की

x + 1/x ≥ 2

शेवटच्या पायरीत x धन असल्याची अट कामी आली. ऋण संख्येने भागले असते तर असमतेचे चिन्ह उलटले असते. प्रश्नात "धन" हा शब्द शोभेसाठी नाही, तो याच पायरीसाठी आहे.

पण इथे थांबलो तर काम अर्धेच झाले. बेरीज दोनपेक्षा कमी नसते एवढेच आपण दाखवले. बेरीज एकपेक्षाही कमी नसते, हे विधानही खरेच आहे. म्हणून काही तिची किमान किंमत एक ठरत नाही. किमान म्हणायचे तर ती किंमत प्रत्यक्षात कुठेतरी मिळायला हवी. वरच्या सिद्धतेत बरोबरीचे चिन्ह तेव्हाच येते जेव्हा (x − 1)² शून्य होतो, म्हणजे x = 1 असताना. एक ही धन संख्या आहे, ती आपल्या हातात आहे, आणि तिथे बेरीज खरोखर दोन भरते. आता उत्तर पूर्ण झाले.

या सिद्धतेवर विद्यार्थ्यांचा एक रास्त आक्षेप असतो. (x − 1)² घ्यायचे हे सुचले कसे? उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखे वाटते, आणि आपल्या बाबतीत ते आकडेमोडीतून ठाऊक होतेही. पण बीजगणिताकडे अंदाज न करता जायची वाटही आहे. बेरजेला k म्हणू आणि विचारू, k च्या कोणत्या किमती शक्य आहेत?

x + 1/x = k

x ने गुणले की हे वर्गसमीकरण होते:

x² − kx + 1 = 0

दहावीत शिकलेला विवेचक इथे k² − 4 आहे. वास्तव उत्तर हवे असेल तर तो शून्य किंवा धन हवा. x धन असेल तर k सुद्धा धनच असणार, म्हणून k किमान 2 हवा. बेरीज १.९ मागितली तर विवेचक ३.६१ − ४, म्हणजे ऋण येतो; अशी वास्तव संख्या नाही. बेरीज २.५ मागितली तर मुळे २ आणि १/२ अशी दोन मिळतात. सुरुवातीच्या आकडेमोडीत २.५ आणि ५.२ या बेरजा दोनदा का आल्या, त्याचे कारणही हेच आहे: या समीकरणाच्या मुळांचा गुणाकार नेहमी एक असतो, म्हणजे ती एकमेकांचे व्यस्त असतात. फक्त k = 2 असताना दोन्ही मुळे एकाच जागी, एकावर, येऊन मिळतात. ही दोन मुळांची भेट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

अवकलज: आधी जागा, मग तळ

दुसरा मार्ग बेरजेची किंमत विचारत नाही. तो विचारतो, x किंचित वाढवला तर बेरीज कुठल्या दिशेने आणि किती वेगाने सरकते? पहिले पद x आहे, ते x च्याच वेगाने वाढते. त्याचा दर 1. दुसरे पद 1/x आहे, ते x वाढल्यावर घटते आणि त्याच्या घटीचा दर 1/x². म्हणून f(x) = x + 1/x या फलनाचा अवकलज

f′(x) = 1 − 1/x²

x = ०.५ वर हा −३ येतो. म्हणजे x मध्ये ०.०१ ची भर घातली तर बेरीज साधारण ०.०३ ने उतरावी. पडताळून पाहा: ०.५१ आणि त्याचा व्यस्त मिळून सुमारे २.४७०८ होतात, २.५ पेक्षा ०.०२९ ने कमी. x = २ वर अवकलज ०.७५ आहे, म्हणजे तिथे बेरीज चढते आहे. उतरण संपून चढण जिथे सुरू होते तिथे दर शून्य असला पाहिजे:

1 − 1/x² = 0, म्हणजे x² = 1, म्हणजे x = 1 किंवा x = −1

धन संख्यांत फक्त x = 1 उरतो, आणि तिथली किंमत दोन.

इथेही घाई करून चालत नाही. अवकलज शून्य असणे हे फक्त सपाट जागेचे लक्षण आहे. ती जागा तळ आहे, माथा आहे की नुसताच मधला टप्पा, हे त्यावरून कळत नाही. पाठ्यपुस्तकाची सवय अशी की द्वितीय अवकलज काढायचा. तो 2/x³ आहे आणि x = 1 वर त्याची किंमत 2, धन. म्हणून तिथे किमान. बहुतेक उत्तरपत्रिका इथेच संपतात, पण एका बिंदूवरचा धन द्वितीय अवकलज फक्त आसपासच्या शेजाऱ्यांबद्दल बोलतो. दूरवर कुठे बेरीज दोनच्या खाली जात नाही ना, याची हमी तो देत नाही.

हमी मिळवायला अवकलजाचे चिन्ह सगळीकडे पाहावे लागते. तो असा लिहू:

f′(x) = (x − 1)(x + 1)/x²

x धन असताना x + 1 आणि x² धनच असतात, म्हणून चिन्ह फक्त x − 1 वर ठरते. शून्य ते एक या टप्प्यात ते ऋण आहे, म्हणजे बेरीज सतत उतरते. एकाच्या पुढे ते धन आहे, म्हणजे बेरीज सतत चढते. आता मात्र x = 1 ही सगळ्या धन संख्यांमधली सर्वांत खालची जागा ठरली.

हा फरक किती खरा आहे ते ऋण बाजूकडे नजर टाकली की कळते. x = −1 वर अवकलज शून्य आहे आणि द्वितीय अवकलज −2, म्हणजे तिथे स्थानिक कमाल. तिथली किंमत मात्र −2 आहे. स्थानिक कमाल −2 आणि स्थानिक किमान 2: कमाल किमानापेक्षा चारने खाली! विरोधाभास मुळीच नाही, कारण दोन्ही विधाने आपापल्या परिसराबद्दल आहेत आणि मध्ये शून्यापाशी फलन तुटलेले आहे. शून्याच्या डावीकडून जवळ गेलो तर बेरीज कितीही खाली नेता येते. म्हणून "धन" ही अट काढली तर या बेरजेला किमान किंमतच उरत नाही. बीजगणितात ही अट भागाकाराच्या पायरीत आली होती, अवकलजात ती चिन्ह तपासताना आली. कुठून ना कुठून ती येणारच.

दोन्ही वाटा जिथे मिळतात

आतापर्यंत दोन मार्ग परके वाटत असतील. ते तसे नाहीत, हे सतराव्या शतकातल्या पिएर द फर्मा यांच्या पद्धतीत उघड दिसते. फर्मा फ्रान्समधल्या तुलूझचे, पेशाने न्यायव्यवस्थेत. न्यूटन आणि लायब्निट्स यांच्या आधी, १६३० च्या दशकात, त्यांनी कमाल-किमान शोधायची एक रीत बसवली होती. लायब्निट्स यांचा कमाल-किमान आणि स्पर्शिकांवरचा प्रसिद्ध लेख त्यानंतरचा, १६८४ चा.

फर्मा यांची रीत आपल्या बेरजेवर लावून पाहू. तळाच्या दोन बाजूंना जवळजवळ असलेल्या दोन जागा x आणि x + e घ्या, जिथे बेरीज सारखीच येते:

x + 1/x = (x + e) + 1/(x + e)

दोन्हीकडचे x काढले आणि पदे मांडली की

e = 1/x − 1/(x + e) = e / (x(x + e))

e ने भागले की x(x + e) = 1. दोन जागांचा गुणाकार एक! वर्गसमीकरणाच्या मुळांबद्दल आपण हेच म्हटले होते. आता दोन्ही जागा तळाकडे सरकवत एकमेकींत मिसळू द्या, म्हणजे e शून्य होऊ द्या. उरते x² = 1, आणि हेच अवकलज शून्य केल्यावर मिळालेले समीकरण आहे.

थोडक्यात, बीजगणितात विवेचक शून्य होणे आणि अवकलजात दर शून्य होणे या एकाच घटनेच्या दोन नोंदी आहेत. एक आडवी रेषा आलेखाला दोन ठिकाणी छेदते. ती खाली आणत गेलो की दोन छेदनबिंदू जवळ येतात आणि तळाशी एक होऊन रेषा आलेखाला नुसती टेकते.

तळ किती सपाट?

उत्तर एकच असले तरी प्रत्येक मार्ग हातात आणखी काही देऊन जातो. बीजगणित देते ते असे:

x + 1/x − 2 = (x − 1)²/x

ही असमता नाही, बरोबरी आहे. तळापासून बाजूला गेल्यावर बेरीज नेमकी किती वाढते ते ती सांगते. अवकलज याच वाढीचा अंदाज देतो: पहिला अवकलज शून्य आणि दुसरा 2 असल्यामुळे एकाच्या जवळ वाढ साधारण (x − 1)² इतकी. x = १.१ वर अंदाज ०.०१ चा आणि खरी वाढ ०.००९१ ची, चांगलाच जवळ. x = २ वर मात्र अंदाज १ चा आणि खरी वाढ ०.५ ची. अवकलजाचा अंदाज तळाजवळ चालतो, लांब गेलो की बिघडतो; बीजगणिताची बरोबरी सगळीकडे टिकते.

ही वाढ मोजण्याचा व्यवहारात खराखुरा उपयोग आहे. समजा, एका किराणा व्यापाऱ्याकडे वर्षाला तांदळाची १,२०० पोती एकसारख्या गतीने खपतात. प्रत्येक वेळी माल मागवला की टेम्पोभाडे आणि हमाली मिळून ६०० रुपये पडतात, पोती कितीही असोत. एक पोते वर्षभर गोदामात ठेवायचे तर जागाभाडे आणि अडकलेल्या पैशाचे व्याज मिळून १०० रुपये. एका वेळी q पोती मागवली तर वर्षात 1200/q खेपा होतात. साठा q पासून शून्यापर्यंत उतरत जातो, म्हणून गोदामात सरासरी q/2 पोती असतात. वर्षाचा खर्च:

720000/q + 50q

थोडी थोडी पोती मागवली तर भाडे फुगते, एकदम मागवली तर गोदाम. दोन्ही खर्च समान होतात तेव्हा q² = 14400, म्हणजे q = 120. आता q = 120x लिहा; x म्हणजे १२० च्या किती पट माल मागवला ते. खर्चाचे रूप असे होते:

6000(x + 1/x)

आपलीच बेरीज, सहा हजार पट. म्हणून किमान खर्च १२,००० रुपये, एका वेळी १२० पोती मागवल्यावर. साठ्याच्या हिशेबाची ही रीत अमेरिकेतले अभियंते एफ. डब्ल्यू. हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडली आणि व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात ती आजही शिकवतात.

व्यापाऱ्याला १२० पेक्षा जास्त उपयोगी माहिती पुढे आहे. त्याने १२० ऐवजी १५० पोती मागवली तर खर्च १२,३०० होतो. मालात २५ टक्के चूक, खर्चात अडीच टक्के वाढ. १०० मागवली तर १२,२००. दुप्पट, म्हणजे २४० मागवली तरी १५,०००, म्हणजे पंचवीस टक्केच जास्त. आणि निम्मी, ६० मागवली तरी तेवढेच १५,०००, कारण x आणि 1/x यांची बेरीज सारखीच असते. तळ सपाट आहे. भाड्याचा किंवा व्याजाचा आकडा थोडा चुकला तरी घाबरायचे कारण नाही. मात्र कमी मागवण्याच्या बाजूला सावध राहावे: १२० पेक्षा १०० पोती जास्त मागवली तर खर्च सुमारे १४,२७० होतो, १०० पोती कमी, म्हणजे २० मागवली तर तो ३७,००० वर जातो. समतोल पटीत आहे, वजाबाकीत नाही.

कोण कुठे चुकतो

आता घाऊक विक्रेत्याने अट घातली, एका वेळी निदान ३६० पोती घ्यावी लागतील. म्हणजे x ≥ 3. "खर्च १२,००० पेक्षा कमी नसतो" हे विधान अजूनही खरे आहे, पण ते निरुपयोगी झाले, कारण बरोबरी x = 1 वर होते आणि ती जागा आता मिळणार नाही. बीजगणिताने जाणाऱ्याची नेहमीची चूक हीच: असमता लिहिली, दोन हे उत्तर दिले आणि बरोबरीची जागा अटीत बसते का ते पाहिलेच नाही. अवकलजाने जाणाऱ्याची चूक उलटी असते. त्याला x ≥ 3 मध्ये अवकलज शून्य होणारी जागा सापडत नाही आणि तो "किमान नाही" असे लिहून मोकळा होतो. पण अवकलज इथे सगळीकडे धन आहे, बेरीज सतत चढते, म्हणून किमान टोकावर, x = 3 वर आहे. बेरीज 10/3 आणि खर्च २०,००० रुपये.

बीजगणित या अटीतही चालते, फक्त पदे नव्याने वाटावी लागतात:

x + 1/x = (x/9 + 1/x) + 8x/9

कंसातल्या दोन पदांचा गुणाकार 1/9 आहे, म्हणून त्यांची बेरीज किमान 2/3, आणि ती x = 3 वर मिळते. उरलेले पद किमान 8/3, तेही x = 3 वर. एकूण 10/3. युक्ती सुंदर आहे, पण नऊ हा आकडा निवडताना बरोबरी तीनवर यावी हे आधीच ठरवावे लागले. अवकलजाला असले काही ठरवावे लागत नाही.

दुसरा सापळा बेरीज थोडी बदलल्यावर दिसतो. x² + 1/x ची किमान किंमत किती? सवयीने अनेकजण दोन्ही पदे समान करतात, x = 1 काढतात आणि उत्तर दोन देतात. ०.८ घालून पाहा: ०.६४ आणि १.२५ मिळून १.८९. दोन हे उत्तर खोटे ठरले. कारण असे की दोन पदे समान असताना बेरीज किमान होते हा नियम त्यांचा गुणाकार स्थिर असेल तेव्हाच लागतो. x आणि 1/x यांचा गुणाकार नेहमी एक. x² आणि 1/x यांचा गुणाकार x, जो बदलत राहतो. अवकलजाला ही अडचण नाही: 2x = 1/x², म्हणून x³ = 1/2, x सुमारे ०.७९४ आणि किंमत सुमारे १.८९०. बीजगणिताने जायचे तर 1/x चे दोन समान तुकडे करून तीन पदे घ्यावी लागतात, म्हणजे गुणाकार स्थिर, 1/4, होतो. मग तीन पदांच्या अंकगणिती मध्य आणि भूमितीमध्य यांच्या असमतेतून तेच उत्तर येते.

तेव्हा निवाडा असा. पदांचा गुणाकार स्थिर असेल तर बीजगणित घ्यावे: ते छोटे आहे, सगळ्या धन संख्यांना एकदमच लागू होते आणि तळापासूनचे अंतर नेमके देते. पदे तशी जुळत नसतील किंवा x वर मर्यादा असेल तर अवकलजाने जागा शोधावी, पण चिन्ह सगळीकडे तपासावे आणि टोके विसरू नयेत. आणि जमेल तेव्हा दोन्ही करावे, कारण एकाची चूक दुसऱ्यात पकडली जाते. सरावासाठी धन x करिता 4x + 9/x ची किमान किंमत दोन्ही मार्गांनी काढा; x = 3/2 वर 12 आली तर तुमचे दोन्ही हिशेब बरोबर आहेत.